एबीएस असलेल्या मोटारीत कोणते ब्रेक फ्लुइड : ग्लायकॉलचे की सिलिकॉनचे?

मोटारीच्या ब्रेकमध्ये पायाचा जोर चाकापर्यंत नेण्याचे काम एक द्रव करतो आणि त्या द्रवाकडून मुख्य अपेक्षा एकच असते, ती म्हणजे दाबल्यावर त्याने आकसू नये. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, लोखंडी नळ्यांमधला व चाकाजवळच्या रबरी होजमधला द्रव ढकलला जातो आणि कॅलिपरमधला पिस्टन ब्रेक पॅडला डिस्कवर दाबतो. या सगळ्या हालचालीत प्रत्यक्ष सरकणारा द्रव फार थोडा, काही मिलिलिटर इतकाच असतो. म्हणूनच त्या मार्गात कुठेही थोडासा वायू अडकला तर पेडलचा प्रवास तो वायू दाबण्यातच खर्च होतो आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. वायू तिथे दोन वाटांनी येऊ शकतो. एक म्हणजे बाहेरची हवा, आणि दुसरी म्हणजे त्या द्रवाची किंवा त्यात शिरलेल्या पाण्याची उष्णतेने झालेली वाफ. ब्रेक फ्लुइडच्या डब्यावर लिहिलेले ‘डॉट ३’, ‘डॉट ४’, ‘डॉट ५’ हे आकडे, आणि ग्लायकॉल की सिलिकॉन हा प्रश्न, हे सगळे या दोन वाटा कशा अडवायच्या याच्याशी निगडित आहेत.

आधी वाफेचा विचार करू. ब्रेक लावताना गाडीची गती उष्णतेत बदलते, ती उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून कॅलिपरमधल्या द्रवात उतरते. पेडल दाबलेले असते तेव्हा द्रवावर हवेच्या दाबाच्या कित्येक पट दाब असतो आणि त्या दाबामुळे त्याचा उत्कलनांक वाढलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी सहसा काही बिघडत नाही. धोका पाय उचलल्यावर असतो. दाब एकदम उतरतो, तापलेला द्रव उकळतो आणि कॅलिपरमध्ये वाफेचा बुडबुडा तयार होतो. पुढच्या वळणावर चालक पुन्हा पेडल दाबतो तेव्हा ते तळापर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. एक मिलिलिटर पाण्याची नेहमीच्या दाबाला सुमारे १,७०० मिलिलिटर वाफ होते, त्यामुळे पाण्याचा एखादा थेंबसुद्धा एका चाकाचा ब्रेक निकामी करण्यास पुरेसा ठरतो.

डबा विकत घेताना दिसणारे ‘डॉट’ हे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. त्या खात्याच्या वाहन सुरक्षा मानकांतील ११६ क्रमांकाच्या मानकाने ब्रेक फ्लुइडचे वर्ग ठरवले आणि तेच वर्ग जगभर रूढ झाले. प्रत्येक वर्गासाठी दोन किमान उत्कलनांक दिलेले आहेत. पहिला ‘कोरडा’, म्हणजे नव्या, सीलबंद डब्यातून नुकत्याच काढलेल्या द्रवाचा, आणि दुसरा ‘ओला’, म्हणजे ठरावीक चाचणीत दमट हवेत ठेवून ओलावा शोषलेल्या द्रवाचा. ग्लायकॉलच्या द्रवाच्या बाबतीत हा ओलावा सुमारे ३.७ टक्के असतो. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस आहेत, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५ आणि डॉट ५.१ या दोन्हींसाठी २६० आणि १८०. हे आकडे किमान मर्यादा आहेत. चांगल्या कंपनीचे डॉट ४ पुष्कळदा यापेक्षा वरचे असते. माझ्या मते वाहनधारकाने कोरड्या आकड्यापेक्षा ओल्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण गाडीतला द्रव नवा फार थोडे दिवस असतो.

या यादीतली सर्वांत घातक गफलत शेवटच्या दोन नावांत दडलेली आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल ईथर या रसायनकुळातले आहेत. डॉट ४ आणि डॉट ५.१ मध्ये त्याच्या जोडीला बोरेट एस्टर असतात. डॉट ५ मात्र पूर्णपणे वेगळ्या कुळातले, म्हणजे सिलिकॉनचे आहे. त्यात वजनाने किमान ७० टक्के सिलिकॉन असावे लागते. आकड्यांचा क्रम पाहून डॉट ५ हे डॉट ४ च्या पुढची सुधारित पायरी आहे आणि डॉट ५.१ ही डॉट ५ चीच नवी आवृत्ती आहे, असा समज होणे अगदी साहजिक आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. डॉट ५.१ हे ग्लायकॉलच्या कुळात राहूनच डॉट ५ इतका उत्कलनांक गाठणारे फ्लुइड आहे. ओळख पटावी म्हणून अमेरिकी मानकाने रंगही ठरवून दिला आहे. ग्लायकॉलची फ्लुइडे रंगहीन ते मधासारख्या पिवळसर रंगाची असतात आणि सिलिकॉनचे जांभळे असते. दुकानात डबा हातात घेतल्यावर आकड्याबरोबर त्यावर सिलिकॉनचा उल्लेख कसा आहे हे वाचल्याशिवाय तो विकत घेऊ नये.

आता दोन्ही कुळे पाण्याशी कशी वागतात ते पाहू, कारण खरा फरक तिथेच आहे. ग्लायकॉलचे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते. ब्रेकची यंत्रणा बंद दिसत असली तरी ती पूर्णपणे हवाबंद नसते. मास्टर सिलिंडरवरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या झाकणात हवेसाठी बारीक वाट असते, आणि चाकाजवळच्या रबरी होजच्या भिंतीतूनही पाण्याची वाफ अगदी हळूहळू आत झिरपत राहते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेत किती दमटपणा असतो हे लक्षात घेतले, तर तिथल्या गाडीतले फ्लुइड नागपूरच्या गाडीतल्या फ्लुइडपेक्षा लवकर ओले होते यात नवल नाही. सुरुवातीच्या ओलाव्याने उत्कलनांक सर्वांत वेगाने घसरतो आणि नंतर घसरण मंदावते, त्यामुळे ‘थोडेसेच पाणी गेले असेल’ हा दिलासा फारसा खरा नसतो. डॉट ४ मधले बोरेट एस्टर या पाण्याशी रासायनिक संयोग करून त्यातले काही बांधून ठेवतात आणि म्हणूनच ओलावा येऊनही डॉट ४ चा उत्कलनांक डॉट ३ पेक्षा वर राहतो. पण ते एस्टर खर्ची पडत जातात आणि अखेर त्यांचाही आधार संपतो.

ओलावा शोषणे हा ग्लायकॉलचा दोष म्हणून सांगितला जातो, आणि सिलिकॉनचा सर्वांत मोठा गुण म्हणून ते ओलावा शोषत नाही असे सांगितले जाते. वाचायला हे बरोबर वाटते, परंतु यंत्रणेत शिरणारे पाणी सिलिकॉन वापरल्याने पूर्णपणे थांबत नाही. टाकीच्या झाकणातून येणाऱ्या दमट हवेतले पाणी थंड भागावर साकळते, झाकण उघडे असताना ओल्या हातावरचा किंवा धुण्याच्या पाण्याचा थेंब आत पडू शकतो. ग्लायकॉलमध्ये हे पाणी सगळ्या द्रवात सारखे पसरते. त्यामुळे सगळ्याच द्रवाचा उत्कलनांक काही अंशांनी उतरतो, पण कुठेही सुटे पाणी राहत नाही. सिलिकॉनमध्ये मात्र पाणी विरघळत नसल्याने थेंबाच्या रूपात वेगळे राहते आणि पाणी सिलिकॉनपेक्षा जड असल्याने ते सर्वांत खालच्या जागी, म्हणजे बहुधा कॅलिपरमध्ये जाऊन बसते. यंत्रणेतली सर्वांत तापणारी जागाही तीच. तिथे तो थेंब २६० अंशांना नव्हे, तर शुद्ध पाण्याप्रमाणे १०० अंशांनाच उकळतो. गाडी उभी असताना तोच थेंब पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला एकाच ठिकाणी गंज चढवत राहतो, आणि शून्याखालच्या थंडीत गोठतो. सिलिकॉनसाठी दिलेला १८० अंशांचा ओला आकडा हा दमट हवेतून ते द्रव फारसे पाणी घेत नाही एवढेच सांगतो. साचलेल्या सुट्या थेंबाबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

सिलिकॉनची दुसरी अडचण हवेची आहे आणि एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरते. सिलिकॉनमध्ये ग्लायकॉलपेक्षा पुष्कळ जास्त हवा विरघळून राहते. शिवाय ओतताना किंवा डबा हलवताना त्यात गेलेले बारीक बुडबुडे सहजासहजी वर येऊन फुटत नाहीत. स्वतः सिलिकॉनही ग्लायकॉलपेक्षा किंचित अधिक आकसणारे आहे आणि तापल्यावर हा फरक वाढतो. याचा अनुभव चालकाला पायाखाली येतो. यंत्रणेतली हवा पुन्हा पुन्हा काढूनही पेडल स्पंजासारखे मऊ राहते. साध्या ब्रेकच्या गाडीत चालक थोडा अधिक पाय दाबून हे निभावून नेऊ शकतो. एबीएस असलेल्या गाडीत मात्र दाबाचे नियंत्रण पायाबरोबरच एका यंत्राच्या हाती असते, आणि त्या यंत्राला अशी सवलत घेता येत नाही.

ते यंत्र काय करते हे समजून घेतले की पुढचे आपोआप उलगडते. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर एखादे चाक इतरांच्या मानाने एकदम मंदावू लागले, तर ते लॉक होण्याच्या बेतात आहे हे नियंत्रक ओळखतो. मास्टर सिलिंडर आणि चाके यांच्यामध्ये बसवलेल्या हायड्रॉलिक युनिटमध्ये प्रत्येक चाकासाठी साधारणपणे दोन विद्युत झडपा असतात. एक एरवी उघडी असते, ती बंद करून त्या चाकाकडे जाणारा दाब वाढणे थांबवले जाते. दुसरी एरवी बंद असते, ती क्षणभर उघडून कॅलिपरमधला थोडा द्रव एका छोट्या, कमी दाबाच्या साठ्यात सोडला जातो. चाक पुन्हा फिरू लागले की पहिली झडप उघडते आणि दाब परत वाढतो, तर साठ्यात सोडलेला द्रव एक विद्युत पंप उचलून मास्टर सिलिंडरच्या बाजूला परत ढकलतो. हे चक्र एका सेकंदात अनेक वेळा चालते आणि पेडलवर जाणवणारी थरथर ही त्याचीच खूण असते.

आता या चक्रात सिलिकॉन घालून पाहू. दाब सोडणारी झडप उघडते तेव्हा द्रव अरुंद छिद्रातून जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावतो आणि याच क्षणी त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहते. पंप तो द्रव ओढतो, घुसळतो आणि फेसाळलेला द्रव परत ढकलतो. ग्लायकॉलमध्ये मुळात हवा कमी असते आणि झालेले बुडबुडे लवकर विरतात. सिलिकॉनमध्ये ते तसेच टिकतात. मग नियंत्रकाने झडप काही मिलिसेकंद उघडल्यावर दाब जेवढा उतरायला किंवा चढायला हवा, तेवढा उतरत किंवा चढत नाही, कारण मधला फेस आधी फुगतो किंवा आधी दबतो. सगळे हिशेब द्रव जवळजवळ आकसत नाही या गृहीतकावर मांडलेले असल्याने चाक सोडायला आणि पुन्हा धरायला उशीर होतो, आणि नेमका तोच उशीर टाळण्यासाठी एबीएस बसवलेले असते. पंपाचे पिस्टन, झडपा आणि रबरी सील हे सर्व ग्लायकॉलच्या द्रवासाठीच घडवलेले व तपासलेले असतात हाही भाग आहेच. म्हणून उत्तर निःसंदिग्ध आहे. उत्पादकाने स्वतः डॉट ५ लिहून दिलेले नसेल तर एबीएस असलेल्या मोटारीत सिलिकॉनचे फ्लुइड घालू नये, आणि सर्वसाधारण प्रवासी मोटारींचे उत्पादक ते लिहून देत नाहीत.

सिलिकॉनला काहीच उपयोग नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ग्लायकॉलचे फ्लुइड रंगावर सांडले तर तो उचकटून काढते, सिलिकॉन तसे करत नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या आणि एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांचे काही संग्राहक त्यामुळेच ते पसंत करतात. अमेरिकी सैन्याने आपली वाहने दीर्घकाळ साठवून ठेवावी लागतात आणि अतिथंड ते अतिउष्ण अशा सर्व प्रदेशांत चालवावी लागतात या कारणास्तव सिलिकॉनचा अवलंब केला होता. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींमध्येही अनेक वर्षे डॉट ५ वापरले जात असे, पुढे त्या कंपनीने डॉट ४ स्वीकारले. म्हणूनच अशा जुन्या मोटारसायकलीसाठी आणलेला, अर्धा उरलेला जांभळ्या द्रवाचा डबा घरातल्या मोटारीच्या टाकीत रिकामा होणार नाही, याची काळजी घेणे आवश्यक आहे.

ग्लायकॉलच्या कुळात कोणता वर्ग निवडायचा हा त्यानंतरचा आणि तुलनेने सोपा प्रश्न आहे. टाकीच्या झाकणावर आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत वर्ग लिहिलेला असतो. जिथे डॉट ३ लिहिले आहे तिथे डॉट ४ सामान्यतः चालते, उलट दिशेने मात्र जाऊ नये. डॉट ४ च्या गाडीत डॉट ३ घालणे म्हणजे ओल्या अवस्थेतली १५ अंशांची सुरक्षितता सोडून देणे होय. डॉट ५.१ चा विचार करताना उत्कलनांकाबरोबर द्रवाचा दाटपणाही लक्षात घ्यावा लागतो. उणे ४० अंश तापमानाला डॉट ४ चा दाटपणा १,८०० सेंटिस्टोकपर्यंत चालतो, तर डॉट ५.१ चा ९०० च्या आत असावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकात ‘क्लास ६’ नावाचा डॉट ४ चाच पातळ प्रकार आहे, त्याची मर्यादा ७५० आहे. हा पातळपणा एबीएसपेक्षाही गाडी घसरू न देणाऱ्या स्थिरता नियंत्रणासाठी, म्हणजे ईएससीसाठी महत्त्वाचा असतो; कारण तिथे चालकाने पेडलला स्पर्शही केलेला नसताना पंपाला टाकीतून द्रव ओढून एखाद्या चाकावर चटकन दाब उभा करावा लागतो, आणि गोठणाऱ्या थंडीत दाट झालेला द्रव नळीतून वेळेवर येत नाही. निफाडच्या थंडीतही हा फरक जाणवण्याचे कारण नाही. लडाखमध्ये गाडी नेणाऱ्याने, किंवा कॅनडात व जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र पुस्तिकेत ‘कमी दाटपणाचे’ असे म्हटले असेल तर तेच फ्लुइड घ्यावे. ज्या गाडीला साधे डॉट ४ सांगितले आहे आणि जी महाराष्ट्रातच चालते, तिच्यासाठी महागड्या डॉट ५.१ पेक्षा वेळेवर बदललेले डॉट ४ अधिक मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

वेळेवर बदलण्याचा हा मुद्दा आकड्यांत बसवून पाहू. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट घ्या. त्या उतरणीत गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते. चार माणसे आणि सामानासह गाडीचे वजन १,५०० किलो आहे, एखाद्या टप्प्यात रस्ता शंभर मीटरला पाच मीटर उतरतो आहे आणि चालक गिअर न्यूट्रलमध्ये टाकून ताशी ३० किलोमीटरचा वेग केवळ ब्रेकवर राखतो आहे, असे समजू. गाडी दर सेकंदाला सुमारे ८.३ मीटर पुढे आणि ०.४२ मीटर खाली जाते. १,५०० ला ९.८ ने आणि ०.४२ ने गुणले की सुमारे ६,००० वॅट येतात. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत साधारण पाव भाग जातो, उरलेले साडेचार हजार वॅट ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जमा होत राहतात. घरातले दोन मोठे गिझर सतत चालू ठेवावेत तेवढी ही उष्णता आहे. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन ब्रेकवर पडतो, आणि वेग कमी असल्याने त्यांना थंड करणारा वाराही बेताचाच असतो.

याच स्थितीत कुटुंब वाटेत चहासाठी थांबते. गाडी थांबली की डिस्कभोवतीचा वारा बंद होतो, परंतु डिस्कमध्ये साठलेली उष्णता पॅड आणि पिस्टनमधून द्रवाकडे येतच राहते, त्यामुळे द्रवाचे कमाल तापमान गाडी थांबल्यानंतर काही मिनिटांनी गाठले जाते. समजा ते १४५ अंशांवर गेले. टाकीत नवे डॉट ३ असेल तर २०५ च्या मर्यादेमुळे भीतीचे कारण नाही. जुने झालेले आणि किमान अटीपुरतेच असलेले डॉट ३ मात्र १४० अंशांनाच उकळेल, आणि तितकेच ओले झालेले डॉट ४ दहा अंशांच्या फरकाने वाचेल. सिलिकॉनचे डॉट ५ स्वतः अजिबात उकळणार नाही, पण कॅलिपरच्या तळाशी पाण्याचा थेंब बसलेला असेल तर त्याची वाफ १०० अंशांनाच झालेली असेल. चहा घेऊन गाडी पुन्हा उतारावर सोडल्यावर पहिल्याच वळणावर काय होईल हे या चार उदाहरणांतून स्पष्ट होते. शिवाय तोच उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरला असता, तर यातली बरीच ऊर्जा इंजिनाने अडवली असती आणि तापमान इतके चढलेच नसते.

अशा वेळी नेमके काय बिघडले आहे हे पेडलवरून ओळखता येते. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण कितीही दाबले तरी गाडी नीट थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड कमी झालेली असते. पेडल मऊ होऊन खाली जाते, भराभर पंप केल्यावर थोडे वर येते, आणि अर्धा-एक तास गाडी थंड झाल्यावर काही झालेच नाही असे पूर्ववत होते, तेव्हा द्रव उकळलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पेडल पूर्ववत झाले म्हणून पुढे जाणे चुकीचे आहे. तो द्रव बदलेपर्यंत पुढच्या उताराला तेच होणार असते. थंड गाडीतही पेडल कायम मऊ असेल तर मात्र यंत्रणेत हवा शिरली आहे, किंवा कोणी चुकीचे फ्लुइड घातले आहे, असा संशय घ्यावा.

नुसत्या रंगावरून फ्लुइडचे वय ठरवू नये. काळपट फ्लुइड बदललेलेच बरे, पण स्वच्छ दिसणारे फ्लुइडही ओले असू शकते. गॅरेजमध्ये पेनासारखे जे उपकरण टाकीत बुडवतात ते विद्युतवहनावरून ओलाव्याचा अंदाज देते आणि फ्लुइडच्या घडणीनुसार तो अंदाज बदलतो. थोडा द्रव प्रत्यक्ष उकळून उत्कलनांक सांगणारे उपकरण अधिक भरवशाचे असते. तसे उपकरण नसेल तर पुस्तिकेतली मुदत पाळावी. ती अनेक गाड्यांसाठी दोन वर्षांची असते, आणि किनारपट्टीवर ती ओलांडू नये. टाकीतला द्रव सिरिंजने काढून नवा भरणे म्हणजे फ्लुइड बदलणे नव्हे. ज्या कॅलिपरमध्ये तो तापतो तिथला जुना द्रव चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने, नवा स्वच्छ द्रव येईपर्यंत बाहेर काढावा लागतो. साधारण एक लिटरचा सीलबंद डबा या कामाला पुरतो. हे करताना टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नये, कारण एकदा हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली की तिथल्या एरवी बंद असणाऱ्या झडपांमागे ती अडकते आणि स्कॅनर जोडून झडपा व पंप चालवल्याशिवाय बहुधा निघत नाही. उघडलेला डबा ‘पुढच्या वेळेसाठी’ कपाटात ठेवू नये; तो तिथेही ओलावा घेत राहतो.

आणि चुकून कोणी एबीएसच्या गाडीत जांभळे डॉट ५ ओतलेच, तर पुढचे नुकसान त्यानंतरच्या काही मिनिटांतल्या वागण्यावर अवलंबून असते. पेडल दाबू नये आणि गाडी सुरूही करू नये, कारण अनेक गाड्यांत गाडी चालू लागताच एबीएस आपल्या पंपाची आणि झडपांची चाचणी घेते आणि द्रव आत ओढला जाऊ शकतो. सिलिकॉन ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि हलके असल्याने बराचसा भाग टाकीत वरच तरंगत राहतो, तो सिरिंजने काढून घेता येतो. त्यानंतर टाकी उतरवून स्वच्छ करावी, ताजे डॉट ४ भरावे आणि चारही चाकांतून भरपूर द्रव काढून टाकावा. पेडल दाबून गाडी चालवली गेली असेल तर मात्र सिलिकॉनचे थेंब नळ्यांमध्ये आणि युनिटमध्ये पसरलेले असतात. नळ्या धुता येतात, होज आणि सील बदलता येतात, पण हायड्रॉलिक युनिट उघडून पुसून काढण्यासारखे नसते, त्यामुळे ते बदलण्याचा खर्च ओढवू शकतो. गाडी टो करून गॅरेजमध्ये न्यावी, आणि कोणते फ्लुइड पडले हे मेकॅनिकला दाखवता यावे म्हणून तो डबाही सोबत द्यावा.